वर्षाच्या मध्यात घेतलेल्या यंत्राचा घसारा : सरळ रेषा पद्धत आणि घटत्या शिल्लकीची पद्धत

शेतमाल प्रक्रिया करणारे लहान कारखाने बहुधा हंगाम डोळ्यांसमोर ठेवून यंत्र खरेदी करतात. तूर बाजारात येऊ लागण्यापूर्वी डाळ गिरणी उभी राहावी, ऊस तोडणीआधी गुऱ्हाळ सज्ज व्हावे, हळद निघण्याआधी पॉलिशर बसावा, असा त्यामागचा हिशेब असतो. आर्थिक वर्ष मात्र १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते. त्यामुळे बहुतेक यंत्रे वर्षाच्या मध्यात कारखान्यात येतात आणि पहिल्या वर्षाचा घसारा किती धरावा, हा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कंपनीच्या जमाखर्चासाठी एक नियम आहे, प्राप्तिकरासाठी दुसरा, आणि सभासदांकडून घ्यावयाचे प्रक्रिया शुल्क ठरवताना तिसरा विचार करावा लागतो. हे तीन हिशेब एकमेकांत मिसळले की एक तर कराची मागणी येते किंवा शेतकऱ्याला क्विंटलमागे चुकीचा दर लागतो.

दोन पद्धतींतील मूळ फरक

यंत्राची किंमत ज्या वर्षी मोजली त्याच वर्षी ती संपूर्ण खर्च म्हणून दाखवता येत नाही, कारण यंत्र पुढील अनेक वर्षे काम देते. ही किंमत त्याच्या उपयुक्त आयुर्मानावर वाटून दरवर्षीच्या खर्चात घेणे म्हणजे घसारा. वाटणी कशी करावी, यावरून पद्धती वेगळ्या होतात.

सरळ रेषा पद्धतीत मूळ किमतीतून अवशिष्ट मूल्य, म्हणजे आयुर्मानाच्या अखेरीस यंत्राचे जे मोल उरेल ते, वजा करतात. उरलेली रक्कम आयुर्मानाच्या वर्षांनी भागली की वार्षिक घसारा मिळतो. ही रक्कम दरवर्षी सारखीच राहते.

घटत्या शिल्लकीच्या पद्धतीत टक्केवारी कायम राहते. मात्र ती दरवर्षी मूळ किमतीवर न लावता मागील वर्षाअखेर उरलेल्या पुस्तकी मूल्यावर लावली जाते. साहजिकच प्रारंभीच्या वर्षांत घसारा अधिक असतो आणि पुढे तो कमी होत जातो.

पूर्ण वर्ष असेल तर दोन्ही आकडेमोडी सोप्या आहेत. खरी अडचण अपुऱ्या वर्षात येते, कारण कोणत्या दिवसापासून मोजावे आणि किती भाग धरावा, याची उत्तरे कंपनी कायदा व प्राप्तिकर कायदा वेगवेगळी देतात.

उदाहरणातील यंत्र

कर्नाटकातील कलबुर्गी जिल्हा तुरीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील एका लहान शेतकरी उत्पादक कंपनीने आपल्या कारखान्यात नवी डाळ गिरणी बसवली, असे उदाहरणादाखल धरू. यंत्राची किंमत वस्तू व सेवा कर वगळून ९,२०,००० रुपये, वाहतूक ३०,००० रुपये आणि पाया, उभारणी व चाचणी यांचा खर्च ५०,००० रुपये. एकूण १०,००,००० रुपये. घसारा या संपूर्ण रकमेवर मोजावयाचा आहे. केवळ यंत्राच्या बिलावर नव्हे. वस्तू व सेवा कराचे क्रेडिट घेतले असल्यास कराची रक्कम किमतीत मिळवता येत नाही. क्रेडिट मिळण्यासारखे नसेल, तर तो कर यंत्राच्या किमतीचाच भाग होतो.

या व्यवहारातील तारखा पुढीलप्रमाणे आहेत. विक्रेत्याचे बिल २० सप्टेंबर २०२४ चे आहे. यंत्र १४ ऑक्टोबरला कारखान्यात पोहोचले. पाया, वीजजोडणी व चाचणी पूर्ण होऊन ते १ नोव्हेंबरला वापरास सज्ज झाले. सभासदांची साठवलेली तूर ९ नोव्हेंबरला प्रथम गिरणीत पडली आणि विक्रीयोग्य डाळ निघाली. या चार तारखांपैकी कोणती धरावी, यावर पुढील सर्व आकडे अवलंबून आहेत. उदाहरण २०२४-२५ या आर्थिक वर्षाचे असल्याने करासाठी प्राप्तिकर अधिनियम, १९६१ मधील तरतुदी वापरल्या आहेत. १ एप्रिल २०२६ पासून पुढील वर्षांसाठी प्राप्तिकर अधिनियम, २०२५ पाहावा.

कंपनीच्या जमाखर्चातील हिशेब

शेतकरी उत्पादक कंपनीला कंपनी अधिनियम, २०१३ ची दुसरी अनुसूची लागू होते. या अनुसूचीत घसाऱ्याचे दर दिलेले नाहीत; उपयुक्त आयुर्मान दिलेले आहे. सर्वसाधारण यंत्रसामग्रीसाठी ते १५ वर्षे आहे, आणि अवशिष्ट मूल्य सामान्यतः मूळ किमतीच्या ५ टक्क्यांहून अधिक धरू नये, असे म्हटले आहे. पद्धत निवडण्याची मुभा कंपनीस आहे. वर्षात नव्याने घेतलेल्या यंत्राचा घसारा मात्र दिवसांच्या प्रमाणात काढावा लागतो. हिशेबाच्या मानकानुसार यंत्र जागेवर बसून वापरास सज्ज झाले की घसारा सुरू होतो. प्रत्यक्ष माल पडेपर्यंत थांबता येत नाही, तसेच बिलाच्या तारखेपासून मोजताही येत नाही. म्हणून या उदाहरणात १ नोव्हेंबर ही तारीख धरावी लागेल. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च हे दोन्ही दिवस धरून १५१ दिवस होतात.

सरळ रेषा पद्धतीने : १०,००,००० मधून ५ टक्के, म्हणजे ५०,००० वजा जाता ९,५०,००० रुपये उरतात. १५ वर्षांनी भागल्यास वार्षिक घसारा ६३,३३३ रुपये. पहिल्या वर्षी त्याचा ३६५ पैकी १५१ वा हिस्सा, म्हणजे २६,२०१ रुपये.

घटत्या शिल्लकीच्या पद्धतीने : प्रथम दर काढावा लागतो. १५ वर्षांनंतर मूळ किमतीच्या ५ टक्केच उरतील असा दर हवा. अवशिष्ट मूल्याला मूळ किमतीने भागून येणाऱ्या संख्येचे, येथे ०.०५ चे, पंधरावे मूळ काढून ते १ मधून वजा केले की हा दर मिळतो. तो १८.१० टक्के येतो. संगणकाच्या तक्त्यात तो पुढील सूत्राने काढता येतो.

```
=1-(50000/1000000)^(1/15)
```

पूर्ण वर्षाचा घसारा १,८१,००० रुपये आणि १५१ दिवसांचा ७४,८७९ रुपये येतो. दुसऱ्या वर्षी शिल्लक ९,२५,१२१ रुपयांवर पूर्ण १८.१० टक्के लागतील.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. अपुऱ्या पहिल्या वर्षाचा उरलेला भाग दुसऱ्या वर्षात घालून घसारा भरून काढावयाचा नसतो. सरळ रेषा पद्धतीत तो आयुर्मानाच्या शेवटी, सोळाव्या आर्थिक वर्षात आपोआप येतो. यंत्राची १५ वर्षे ३१ ऑक्टोबर २०३९ रोजी पूर्ण होतील, ३१ मार्चला नव्हे.

डाळ गिरण्या हंगामात अनेकदा दोन पाळ्यांत चालतात. दुसऱ्या अनुसूचीतील आयुर्मान एका पाळीवर आधारलेले आहे. यंत्र ज्या कालावधीत दोन पाळ्यांत चालले, त्या कालावधीचा घसारा ५० टक्क्यांनी वाढवावा लागतो. तीन पाळ्यांत चालल्यास तो दुप्पट होतो. समजा, येथे ६० दिवस दोन पाळ्या चालल्या. सरळ रेषा पद्धतीने ६० दिवसांचा घसारा १०,४११ रुपये होतो आणि त्याच्या निम्मी, म्हणजे ५,२०५ रुपयांची वाढ करावी लागते. पाळ्यांची नोंदवही नसेल तर ही रक्कम सिद्ध करता येत नाही. प्राप्तिकरात जादा पाळीसाठी असा वेगळा घसारा नाही. पुढील आकडे एका पाळीचेच आहेत.

प्राप्तिकरातील हिशेब

प्राप्तिकरासाठी पद्धतीची निवड उपलब्ध नाही. वीजनिर्मिती व वीजवितरण करणारे उद्योग वगळता सर्वांना घटत्या शिल्लकीचीच पद्धत लागू आहे. सर्वसाधारण यंत्रसामग्रीचा दर १५ टक्के आहे. अवशिष्ट मूल्य धरले जात नाही, आणि घसारा एकेका यंत्रावर न मोजता समान दराच्या सर्व यंत्रांच्या एकत्रित गटावर मोजला जातो.

वर्षाच्या मध्यात घेतलेल्या यंत्रासाठी दिवसांचे प्रमाण काढले जात नाही. केवळ एकच सीमारेषा आहे. ज्या वर्षी यंत्र घेतले त्या वर्षी ते व्यवसायासाठी १८० दिवसांहून कमी काळ वापरात असेल, तर दर निम्मा होतो. १८० किंवा अधिक दिवस असतील, तर पूर्ण दर मिळतो. मोजणी यंत्र प्रथम वापरात आल्याच्या दिवसापासून ३१ मार्चपर्यंत केली जाते.

उदाहरणातील यंत्र ९ नोव्हेंबरला वापरात आले. तेथून ३१ मार्चपर्यंत १४३ दिवस होतात. म्हणून पहिल्या वर्षी दर ७.५ टक्के आणि घसारा ७५,००० रुपये. दुसऱ्या वर्षी शिल्लक ९,२५,००० रुपयांवर पूर्ण १५ टक्के.

पुस्तकातील ७४,८७९ आणि करातील ७५,००० हे आकडे जवळपास सारखे दिसतात. पण हा निव्वळ योगायोग आहे. एक आकडा १५१ दिवसांच्या प्रमाणातून आला आहे, तर दुसरा अर्ध्या दरातून. वापराची तारीख बदलली की दोन्ही किती दूर जातात, हे पुढील तक्त्यावरून दिसेल. तुलना सोपी व्हावी म्हणून यात यंत्र ज्या दिवशी सज्ज झाले त्याच दिवशी वापरात आले, असे धरले आहे.

| सज्ज व वापराची तारीख | ३१ मार्चपर्यंत दिवस | पुस्तकी घसारा, सरळ रेषा (रुपये) | प्राप्तिकरातील घसारा (रुपये) |
|---|---|---|---|
| ३ ऑक्टोबर २०२४ | १८० | ३१,२३३ | १,५०,००० |
| ४ ऑक्टोबर २०२४ | १७९ | ३१,०५९ | ७५,००० |
| ३१ मार्च २०२५ | १ | १७४ | ७५,००० |

पुस्तकातील घसारा उतारावरून घरंगळल्यासारखा दिवसागणिक थोडा थोडा कमी होतो. करातील घसारा मात्र एका पायरीवर अर्धा होतो आणि नंतर वर्षअखेरपर्यंत तेवढाच राहतो. ३१ मार्चला खरोखर वापरात आलेल्या यंत्रालाही अर्धा दर मिळतो. तेच यंत्र १ एप्रिलला वापरात आले, तर त्या वर्षी काहीच मिळत नाही. फेब्रुवारी २९ दिवसांचा असलेल्या आर्थिक वर्षात ही सीमा एका दिवसाने पुढे, म्हणजे ४ ऑक्टोबरला जाते.

बिलाच्या तारखेने होणारी चूक

लहान कारखान्यांच्या हिशेबात वारंवार आढळणारी चूक या ठिकाणी होते. लेखनिकाच्या हाती विक्रेत्याचे बिल असते आणि संगणक प्रणालीत खरेदीची तारीख म्हणून तीच भरली जाते. उदाहरणातील बिल २० सप्टेंबरचे आहे. तेथून ३१ मार्चपर्यंत १९३ दिवस भरतात. त्यामुळे प्रणाली पूर्ण १५ टक्के, म्हणजे १,५०,००० रुपये घसारा काढते. प्रत्यक्षात यंत्र त्या दिवशी विक्रेत्याच्याच आवारात होते.

अशा विवरणपत्राची तपासणी झाली, तर ७५,००० रुपयांची जादा वजावट नाकारली जाते. कंपनीचा कर व उपकर मिळून दर २६ टक्के धरल्यास १९,५०० रुपयांचा कर आणि त्यावरील व्याज भरावे लागते. चूक ओळखण्याची खूण सोपी आहे. मालमत्ता नोंदवहीतील वापराची तारीख ही वाहतूक पावतीच्या किंवा ई-वे बिलाच्या तारखेच्या आधीची असेल, तर ती निश्चित चुकीची आहे. वीजभाराच्या मंजुरीच्या आधी विजेवर चालणारे यंत्र वापरात आल्याचे दिसत असेल, तरी तीच शंका घ्यावी.

याच्या उलट, केवळ सीमा गाठण्यासाठी घाईने खरेदी करण्यातही फारसे हित नाही. अर्ध्या दरामुळे न मिळालेला घसारा बुडत नाही. तो गटाच्या शिल्लकीत राहतो आणि पुढील वर्षांत मिळत जातो. पूर्ण दर मिळाला असता, तर दुसऱ्या वर्षाची सुरुवात ८,५०,००० रुपयांपासून झाली असती. आता ती ९,२५,००० पासून होते आणि दुसऱ्याच वर्षी ११,२५० रुपये अधिक मिळतात. म्हणजे प्रश्न कर वाचण्याचा नसून तो पुढे ढकलला जाण्याचा आहे. तूर डिसेंबरपासून येणार असताना यंत्र सप्टेंबरअखेर आणून दोन महिने रिकामे ठेवावयाचे आणि कर्जाचे व्याज भरावयाचे, हा व्यवहार बहुधा तोट्याचाच ठरतो. पहिल्या वर्षी कंपनी तोट्यात असेल, तर जादा घसाऱ्याचा तात्काळ उपयोगही होत नाही. तो पुढील वर्षांत ओढला जातो.

करासाठी यंत्राची किंमत किती धरावी, याबाबत आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली अनुदानाची. यंत्रासाठी ३,५०,००० रुपये अनुदान मिळाले, तर करासाठी यंत्राची किंमत ६,५०,००० रुपयेच धरली जाते आणि पहिल्या वर्षाचा घसारा ७५,००० ऐवजी ४८,७५० रुपये होतो. दुसरी गोष्ट रोख रकमेची. यंत्रासाठी एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रक्कम रोखीने दिली, तर ती करासाठी किमतीत धरली जात नाही. पायाचे ५०,००० रुपये गवंड्याला एकाच दिवशी रोख दिले असते, तर घसारा १०,००,००० ऐवजी ९,५०,००० रुपयांवर मिळाला असता.

तीन वर्षांची तुलना

मूळ उदाहरणाचे पहिल्या तीन वर्षांतील आकडे एकत्र ठेवल्यास चित्र स्पष्ट होते. दुसऱ्या वर्षापासून सर्व स्तंभांत पूर्ण वर्ष धरले आहे. रकमा रुपयांत आहेत.

| वर्ष | पुस्तकात, सरळ रेषा | पुस्तकात, घटती शिल्लक १८.१० टक्के | प्राप्तिकर, घटती शिल्लक १५ टक्के |
|---|---|---|---|
| २०२४-२५ | २६,२०१ | ७४,८७९ | ७५,००० |
| २०२५-२६ | ६३,३३३ | १,६७,४४७ | १,३८,७५० |
| २०२६-२७ | ६३,३३३ | १,३७,१३९ | १,१७,९३८ |
| तीन वर्षांचा एकूण | १,५२,८६७ | ३,७९,४६५ | ३,३१,६८८ |
| उरलेले मूल्य | ८,४७,१३३ | ६,२०,५३५ | ६,६८,३१२ |

सरळ रेषा पद्धत स्वीकारलेल्या कंपनीच्या पुस्तकात पहिल्या वर्षी २६,२०१ रुपये आणि कराच्या विवरणात ७५,००० रुपये, असे दोन आकडे दिसतील. ही विसंगती नव्हे. दोन्ही बरोबर आहेत. करपात्र उत्पन्न काढताना पुस्तकी नफ्यात २६,२०१ परत मिळवून ७५,००० वजा केले जातात. या ४८,७९९ रुपयांच्या फरकावरील कर पुढील वर्षांत द्यावयाचा असल्याने, ताळेबंदात त्यासाठी स्थगित कराची तरतूद दाखवली जाते. २६ टक्के दराने ती १२,६८८ रुपये होते. संचालक मंडळाने सभासदांना बोनस जाहीर करण्यापूर्वी ही रक्कम बाजूला असल्याची खात्री करून घ्यावी. कारण पहिल्या वर्षी कर कमी भरावा लागला म्हणून तेवढा नफा वाढला, असा समज सहज होतो.

बिगर कंपनी उद्योगाची, म्हणजे भागीदारी संस्थेची किंवा एकट्या शेतकऱ्याच्या मालकीच्या गिरणीची स्थिती थोडी निराळी आहे. त्यांना दुसरी अनुसूची लागू नाही. त्यामुळे अनेकजण पुस्तकातही प्राप्तिकराचेच दर वापरतात. अनुमानित उत्पन्नाची योजना निवडणाऱ्या लहान व्यावसायिकाला घसारा वेगळा वजा करता येत नाही; मात्र तो दिला गेला आहे असे मानून यंत्राचे करासाठीचे मूल्य दरवर्षी घटत जाते. पुढे नियमित पद्धतीकडे वळताना मूळ किमतीपासून पुन्हा सुरुवात करता येत नाही.

प्रक्रिया शुल्कासाठी कोणता घसारा

वरील दोन्ही हिशेब कायद्याच्या गरजेपोटी होतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने अधिक निकडीचा प्रश्न असा की, एक क्विंटल तूर भरडण्याच्या शुल्कात घसारा किती धरावा.

समजा, या गिरणीत पहिल्या पाच महिन्यांत १,५०० क्विंटल तूर भरडली गेली आणि पुढे पूर्ण वर्षात २,४०० क्विंटल भरडली जाईल. पहिल्या वर्षाचा पुस्तकी घसारा सरळ रेषा पद्धतीने २६,२०१ रुपये आहे. १,५०० ने भागल्यास क्विंटलमागे १७.४७ रुपये येतात. दुसऱ्या वर्षी ६३,३३३ ला २,४०० ने भागल्यास २६.३९ रुपये येतात. यंत्र तेच, झीज तीच. तरी खर्च नऊ रुपयांनी वाढलेला दिसतो. याचे कारण असे की, हंगामाचा मोठा भाग नोव्हेंबर ते मार्च या काळात आला, पण घसारा मात्र बारापैकी पाचच महिन्यांचा लागला. पहिल्या वर्षाच्या आकड्यावरून शुल्क ठरवले, तर ते प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी बसते आणि दुसऱ्या वर्षी वाढवावे लागते.

घटत्या शिल्लकीचा आकडा वापरल्यास दोष अधिक ठळक होतो. दुसऱ्या वर्षी १,६७,४४७ रुपये २,४०० क्विंटलवर विभागल्यास ६९.७७ रुपये पडतात. हाच घसारा दरवर्षी घटत सातव्या वर्षी, म्हणजे २०३०-३१ मध्ये, ६१,७०२ रुपयांवर येतो आणि त्या वर्षापासून तो सरळ रेषेच्या ६३,३३३ रुपयांहून कमी होतो. तेव्हा क्विंटलमागे केवळ २५.७१ रुपये पडतील. म्हणजे दुसऱ्या वर्षीच्या सभासदाने त्याच गिरणीसाठी सातव्या वर्षीच्या सभासदाच्या अडीचपटीहून अधिक भार उचलावा, असे होईल. गिरणीची भरडण्याची क्षमता मात्र दोन्ही वर्षांत जवळपास सारखीच असते.

म्हणून शुल्क ठरवताना अपुऱ्या वर्षाचा घसारा बाजूला ठेवून सरळ रेषा पद्धतीचा पूर्ण वर्षाचा घसारा घ्यावा आणि त्याला पूर्ण वर्षाच्या अपेक्षित क्विंटलने भागावे. या उदाहरणात तो क्विंटलमागे २६.३९ रुपये, म्हणजे सुमारे २६ रुपये ४० पैसे होतो. पहिल्याच वर्षी हा दर लावल्यास १,५०० क्विंटलवर ३९,५८५ रुपये जमा होतात आणि पुस्तकी घसाऱ्याहून सुमारे १३,००० रुपये अधिक हाती राहतात. ही रक्कम नफा समजून वाटून टाकू नये. एप्रिल ते ऑक्टोबर या कमी कामाच्या महिन्यांचा घसारा पुढे त्यातूनच भागावयाचा आहे. अनुदान मिळाले असेल आणि ते सभासदांच्या सवलतीसाठी वापरावयाचे ठरले असेल, तर शुल्कासाठी अनुदान वजा जाता उरलेली किंमत घ्यावी. मात्र आयुर्मानाअखेर त्याच किमतीचे नवे यंत्र घेण्यासाठी तेवढा निधी जमणार नाही, हे सभेत स्पष्ट सांगावे.

झिजून वारंवार बदलावे लागणारे एमरी रोलर, चाळण्या, पट्टे यांचा खर्च या घसाऱ्यात येत नाही. तो त्या त्या वर्षीच्या दुरुस्ती-देखभालीत धरून क्विंटलमागे वेगळा काढावा. अन्यथा तो शुल्कातून निसटतो. याउलट मोटारीसारखा मोठा भाग मुख्य यंत्राहून खूपच कमी टिकणारा आणि किमतीने लक्षणीय असेल, तर पुस्तकात त्याचे आयुर्मान वेगळे धरून स्वतंत्र घसारा काढावा.

नोंद कशी ठेवावी

प्रत्येक यंत्रासाठी मालमत्ता नोंदवहीत एक पान असावे आणि त्यावर चार तारखा वेगवेगळ्या लिहाव्यात : बिलाची, यंत्र पोहोचल्याची, वापरास सज्ज झाल्याची आणि प्रथम वापराची. पोहोचल्याच्या तारखेस वाहतूक पावतीचा आधार जोडावा. सज्जतेसाठी उभारणी करणाऱ्या तंत्रज्ञाचा चाचणी अहवाल व वीजजोडणीचा दाखला, आणि प्रथम वापरासाठी त्या दिवसाची भरड नोंद, म्हणजे किती तूर पडली, किती डाळ व चुनी निघाली, हे पुरेसे होते. याच पानावर अनुदान, रोखीने दिलेल्या रकमा आणि दोन पाळ्यांत चाललेले दिवस नोंदवावेत.

विस्तार कार्यकर्त्याने कारखान्यास भेट देताना हे पान व सनदी लेखापालाने काढलेला घसाऱ्याचा तक्ता शेजारी शेजारी ठेवून पाहावा. पुस्तकी घसाऱ्याची सुरुवात सज्जतेच्या तारखेशी जुळावी आणि कराचा पूर्ण किंवा अर्धा दर प्रथम वापराच्या तारखेशी. दोन्ही ठिकाणी बिलाची तारीख आढळली, तर विवरणपत्र भरण्यापूर्वीच लेखापालाकडून दुरुस्ती करून घ्यावी.